अल्बम उशिरा आला आणि सॅम्पलसारखा नाही: फोटोग्राफरला पत्र कसं लिहावं?

प्रश्न: लग्नाच्या फोटोग्राफरने आमचेच पाच फोटो एडिट करून सॅम्पल म्हणून पाठवले, ते आम्ही 21 जानेवारीला मान्य केले. फोटोंची निवड 12 फेब्रुवारीला दिली. करारात निवड मिळाल्यापासून 60 दिवसांत अल्बम असं आहे. पानांची मांडणी 20 मेला आली, आम्ही 26 मेला पास केली आणि अल्बम 2 ऑगस्टला हातात पडला. सगळे चेहरे नारिंगी, मेणासारखे गुळगुळीत, सावल्या काळ्याकुट्ट. फोटोग्राफर म्हणतात, “मांडणी तुम्हीच मंजूर केली.” 20 टक्के रक्कम अजून द्यायची आहे. पत्र लिहायला बसलो की नुसता राग येतो. नेमकं काय लिहू?

उत्तर:

लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग आणि छपाई हेच माझं काम आहे, आणि अशी पत्रं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. बहुतेक पत्रांत राग खरा असतो, तक्रारही खरी असते, पण समोरच्याला उत्तर द्यावं लागेल असं एकही वाक्य नसतं. “फोटो अजिबात आवडले नाहीत” या वाक्यावर फोटोग्राफर “आवड ज्याची त्याची” म्हणून मोकळा होतो. तुमच्याकडे मान्य केलेलं सॅम्पल आहे, त्यामुळे हा वाद आवडीचा राहिलेला नाही. पत्राचा सगळा भार त्या पाच फोटोंवर ठेवा.

लिहिण्याआधी एक संध्याकाळ काढून बिघाड कुठे झाला ते शोधा. एडिटिंग चुकलं असेल तर फोटो नव्याने एडिट करून अल्बम पुन्हा छापावा लागतो. छपाई चुकली असेल तर त्याच फाइल्स नीट छापल्या की काम होतं. पत्रात चुकीची मागणी गेली तर महिनाभर पत्रापत्री होते आणि हाती काही लागत नाही.

अल्बमसोबत किंवा नंतर तुम्हाला डिजिटल फाइल्स मिळाल्या असतील. सॅम्पलमधला एक फोटो आणि त्याच फोटोची आलेली फाइल, दोन्ही एकाच स्क्रीनवर शेजारीशेजारी उघडा. स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर मोड आणि आपोआप बदलणारी ब्राइटनेस आधी बंद करा. फाइलमध्येच चेहरा नारिंगी दिसला तर दोष एडिटिंगचा. फाइल ठीक आणि फक्त अल्बमचं पान नारिंगी असेल तर दोष छपाईचा, किंवा लॅबला फाइल चुकीच्या कलर प्रोफाइलमध्ये गेली. अल्बम मात्र दिवसा खिडकीजवळ बघा, ऊन थेट पानावर पडू देऊ नका. पिवळ्या बल्बखाली कुठलाही अल्बम नारिंगीच दिसतो, आणि तशा उजेडात काढलेला पानाचा फोटो पुरावा म्हणून पाठवलात तर तो पहिल्याच उत्तरात मोडीत निघेल.

मग त्याच फोटोत एखादी पांढरी वस्तू शोधा: पांढरा कपडा, पांढरं फूल, डोळ्यातला पांढरा भाग. तीही पिवळट झाली असेल तर अख्ख्या फोटोचा व्हाइट बॅलन्स उबदार बाजूला ढकलला आहे. पांढरं पांढरंच राहिलं आणि त्वचा तेवढी नारिंगी झाली असेल, तर एडिटिंगमध्ये नारिंगी रंग मुद्दाम चढवलेला आहे. तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेले रंगबदल, सरसकट सगळ्या फोटोंवर टाकला की हे हमखास होतं. पत्रात प्रीसेटचं नाव काढू नका, तो तुमचा अंदाज आहे. “पांढरा कपडा पांढराच आहे, चेहरा नारिंगी आहे” एवढं लिहा. ते कुणालाही डोळ्यांनी तपासता येतं.

गुळगुळीतपणाचा पुरावा सर्वांत भक्कम असतो. सॅम्पलमधला एक चेहरा मोठा करून बघा. गालाची छिद्रं, भुवईचे सुटे केस, एखादा तीळ दिसत असेल. आता आलेल्या फाइलमध्ये तीच जागा बघा. छिद्रं पुसली गेली असतील, तीळ फिकट झाला असेल आणि भुवईची कड विरघळल्यासारखी दिसत असेल, तर ते स्किन स्मूदिंग आहे. छपाईत असं होत नाही, कारण छपाईत बारकावे कमी झाले तर ते चेहऱ्याबरोबर कपड्यांचे आणि दागिन्यांचेही होतात. दागिना कोरीव आणि गाल सपाट, हा फरक हाताने किंवा सॉफ्टवेअरने केल्याशिवाय येत नाही. एक काळजी मात्र घ्या. सॅम्पल व्हॉट्सॲपवर साध्या फोटोच्या रूपात आलं असेल तर तिथेच ते दाबलं जातं आणि बारकावे थोडे कमी होतात. दाबलेल्या सॅम्पलमध्येही छिद्रं दिसत असतील आणि पूर्ण आकाराच्या फाइलमध्ये नसतील, तर तुमची बाजू उलट आणखी पक्की होते.

सावल्यांच्या बाबतीत जरा सांभाळून लिहा. छापलेलं पान स्क्रीनपेक्षा थोडं गडद दिसणारच, कारण स्क्रीन स्वतः उजळते आणि कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. चांगल्या लॅबकडून छापलेल्या अल्बमलाही हे लागू आहे. म्हणून “अल्बम गडद आहे” हा मुद्दा एकटा टिकत नाही. सॅम्पलमध्ये काळ्या केसांच्या बटा किंवा गडद कपड्याच्या घड्या दिसत होत्या आणि आलेल्या डिजिटल फाइलमध्येही तिथे नुसता काळा डाग आहे, असं असेल तरच तो मुद्दा घ्या.

तुमच्या वर्णनावरून मला हा एडिटिंगचाच दोष वाटतो. सॅम्पलचे पाच फोटो फोटोग्राफर स्वतः निगुतीने करतो, आणि उरलेले शेकडो फोटो काम तुंबल्यावर घाईत दुसऱ्या एडिटरकडे जातात. उशीर आणि सॅम्पलपासूनची फारकत एकत्र येतात ती बहुधा अशी. तरीही वरची तपासणी करूनच लिहा.

आता “मांडणी तुम्ही मंजूर केली” या बचावाकडे येऊ, कारण फोटोग्राफरच्या हातातलं हेच एकमेव हत्यार आहे. 20 मेची ती मांडणीची फाइल पुन्हा उघडा. त्यातले फोटो कच्चे किंवा जुजबी उजळलेले होते का? आणि सोबतच्या निरोपात तुमच्याकडून काय तपासून मागितलं होतं? साधारणपणे मांडणी पाठवताना फोटोंचा क्रम, राहून गेलेले फोटो, नावांचं स्पेलिंग एवढंच विचारलं जातं. तसं असेल तर तुम्ही पानांची रचना मंजूर केली. रंग 21 जानेवारीलाच ठरला होता आणि तो बदलल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या मांडणीतच चेहरे नारिंगी आणि गुळगुळीत होते आणि तुम्ही “छान, छापा” असं कळवलं असेल, तर मला स्पष्ट सांगावं लागेल की पुनर्छपाईचा पूर्ण खर्च त्यांच्यावर टाकणं अवघड आहे. अशा वेळी डिजिटल फाइल्स सॅम्पलप्रमाणे मोफत दुरुस्त करून मागा आणि छपाईचा खर्च वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवा. खालचं पत्र मी पहिली परिस्थिती धरून लिहिलं आहे.

उशिराचा हिशेब स्वतःच्या बाजूचे दिवस वजा करून मांडा. 12 फेब्रुवारीपासून 60 दिवस 13 एप्रिलला संपतात. अल्बम 2 ऑगस्टला आला, म्हणजे 111 दिवस उशीर. त्यातले 20 ते 26 मे हे सहा दिवस मांडणी तुमच्याकडे होती, ते सोडून द्या. उरले 105. तुम्ही स्वतःहून सहा दिवस सोडलेत की उरलेल्या 105 बद्दल वाद घालायला जागा राहत नाही. लग्नाच्या तारखेपासून मोजण्याचा मोह टाळा. करारातली मुदत निवडीपासून सुरू होते, आणि एक आकडा चुकला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते.

उशीर आणि एडिटिंग हे दोन मुद्दे पत्रात वेगळे ठेवा. एकत्र केले की फोटोग्राफर एकाच्या बदल्यात दुसरा मिटवायला बघतो: “उशीर झाला, थोडी सूट घ्या आणि विषय संपवा.” सूट मिळते, चेहरे नारिंगीच राहतात. गेलेले महिने परत मिळणार नाहीत, फोटो मात्र मिळू शकतात. म्हणून दुरुस्तीची मागणी आधी आणि सविस्तर, उशिराची नंतर आणि थोडक्यात.

एक मागणी मात्र या सगळ्याच्या आधी जायला हवी: रॉ फाइल्स जपून ठेवा. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल असेल तर सगळं एडिटिंग पहिल्यापासून नीट करता येतं. तुमच्याकडे आलेल्या जेपीईजी फाइलमधून पुसलेली छिद्रं आणि काळ्यात बुडालेले बारकावे परत आणता येत नाहीत. अल्बम दिला की पुष्कळ फोटोग्राफर पुढच्या कामासाठी हार्ड डिस्क मोकळी करतात. त्यात लबाडी नसते, जागेची अडचण असते, पण तुमचं नुकसान कायमचं होतं. या फाइल्स तुमच्या ताब्यात मात्र मागू नका. बऱ्याच करारांत त्या ग्राहकाला दिल्या जात नाहीत आणि मूळ मुद्दा सोडून त्यावरच भांडण जुंपतं. फक्त जपून ठेवायला सांगा आणि तसं लेखी उत्तर मागा.

उरलेल्या 20 टक्क्यांबद्दल गप्प राहू नका. गप्प राहिलात की “पैसे बुडवायला काढलेली तक्रार” असा रंग चढतो. आधी ती रक्कम कधी देय होती ते करारात पाहा. अल्बम मिळाल्यावर देय असेल, तर सॅम्पलप्रमाणे अल्बम हाती येताच देऊ असं लिहायला काहीच हरकत नाही. तो ताब्यात घेण्यापूर्वीच द्यायची होती आणि त्यांनी विश्वासाने थांबवली असेल, तर निम्मी आत्ता आणि निम्मी दुरुस्त फोटो मंजूर झाल्यावर असा तोडगा मी सुचवेन.

हे पत्र जसंच्या तसं घ्या. पानं, फाइल क्रमांक आणि निरीक्षणं मी नमुन्यादाखल टाकली आहेत, तिथे तुमची घाला.

---

दिनांक: 9 ऑगस्ट

प्रति,
श्री. (फोटोग्राफरचे नाव) यांस,

विषय: लग्नाचा अल्बम मान्य सॅम्पलप्रमाणे दुरुस्त करून मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आपण तयार केलेला अल्बम आम्हाला 2 ऑगस्ट रोजी मिळाला. लग्नाच्या दिवशी आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या मेहनतीबद्दल आमची तक्रार नाही. फोटो चांगले टिपले आहेत. मात्र एडिटिंग आपण मान्य करून घेतलेल्या सॅम्पलपेक्षा वेगळे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

सर्वप्रथम विनंती अशी की, हा विषय मिटेपर्यंत आमच्या लग्नाच्या सर्व रॉ फाइल्स आणि एडिटिंगच्या फाइल्स जपून ठेवाव्यात. त्या आपल्याकडे आहेत असे 12 ऑगस्टपर्यंत लेखी कळवावे.

आपण एडिट करून पाठवलेले पाच फोटो आम्ही 21 जानेवारी रोजी मान्य केले आणि बाकीचे याच टोनमध्ये करावेत असे कळवले. तेच पाच फोटो अल्बममध्ये पान 6, 11, 19, 24 आणि 31 वर आहेत. सॅम्पल आणि आपण दिलेली अंतिम डिजिटल फाइल यांची तुलना केली असता पुढील फरक दिसतो.

पान 6 (DSC_0412): सॅम्पलमध्ये त्वचेचा रंग नैसर्गिक आहे. अंतिम फाइलमध्ये चेहरा आणि हात नारिंगी आहेत, शेजारचा पांढरा कपडा मात्र पांढराच आहे.

पान 11 (DSC_0587): सॅम्पलमध्ये गालाची छिद्रे आणि हनुवटीवरचा तीळ स्पष्ट आहे. अंतिम फाइलमध्ये त्वचा सपाट आहे, तीळ जवळजवळ पुसला गेला आहे. गळ्यातल्या दागिन्याचे बारकावे मात्र जसेच्या तसे आहेत.

पान 19 (DSC_0733): सॅम्पलमध्ये केसांच्या बटा सुट्या दिसतात. अंतिम फाइलमध्ये त्या जागी सलग काळा रंग आहे.

पान 24 आणि 31 वर पहिले दोन्ही फरक आहेत. हेच फरक पान 8, 14, 22 आणि 37 वरील फोटोंतही दिसतात. सॅम्पल आणि अंतिम फाइल शेजारी ठेवलेल्या प्रतिमा सोबत जोडल्या आहेत.

26 मे रोजी आम्ही पानांची मांडणी मंजूर केली. त्या मांडणीत फोटो एडिट केलेले नव्हते, आणि आपल्या निरोपात फोटोंचा क्रम व नावे तपासण्यास सांगितले होते. टोन बदलण्यास आम्ही कोणत्याही वेळी संमती दिलेली नाही.

आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे. प्रथम वरील पाच फोटो रॉ फाइलवरून, मान्य सॅम्पलप्रमाणे पुन्हा एडिट करून 20 ऑगस्टपर्यंत पाठवावेत. आम्ही दोन दिवसांत उत्तर देऊ. ते मंजूर झाल्यावर अल्बममधील उर्वरित फोटो 10 सप्टेंबरपर्यंत त्याच पद्धतीने करून द्यावेत. त्यानंतर अल्बमच्याच कागदावर एका पानाची टेस्ट प्रिंट 17 सप्टेंबरपर्यंत दाखवावी, आणि ती मंजूर झाल्यावर नवा अल्बम 10 ऑक्टोबरपर्यंत द्यावा. पुन्हा एडिटिंग आणि छपाईचा खर्च आपण करावा. नवा अल्बम मिळाल्यावर सध्याचा अल्बम आपणास परत हवा असल्यास देऊ.

उशिराबाबत: फोटोंची निवड 12 फेब्रुवारीला दिल्यानुसार मुदत 13 एप्रिलला संपत होती. मांडणी आमच्याकडे असलेले सहा दिवस वगळता 105 दिवसांचा उशीर झाला आहे. मांडणी आली तेव्हाच मुदत उलटून 37 दिवस झाले होते. याबद्दल एकूण रकमेत योग्य ती सूट द्यावी आणि ती किती देणार ते 20 ऑगस्टपर्यंत कळवावे. ही मागणी वरील दुरुस्तीपासून वेगळी आहे.

उर्वरित 20 टक्के रक्कम, ठरलेली सूट वजा करून, सॅम्पलप्रमाणे तयार झालेला अल्बम मिळेल त्याच दिवशी आम्ही देऊ.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले,
(दोघांची नावे व सह्या)

---

पत्रात “सगळे फोटो बिघडले” असं मुद्दाम लिहिलेलं नाही. एक जरी फोटो बरा निघाला तरी ते वाक्य खोटं पडतं. पाच सॅम्पल आणि आणखी चार पानं एवढं दाखवलं की बाकीचं फोटोग्राफरला स्वतःच दिसतं. सोशल मीडियावर बदनामी करू, वाईट रिव्ह्यू टाकू, असलं काही यात आणू नका. लेखी धमकी उद्या तुमच्याविरुद्ध वाचून दाखवली जाईल.

पत्र ई-मेलने पाठवा आणि तुलनेच्या प्रतिमा फाइल म्हणून जोडा. चॅटवर “ई-मेल पाठवला आहे” एवढंच कळवा. जुनं चॅट हटवू नका, आणि निरोप आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू असेल तर आजच बंद करा, कारण व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोत मूळ तारखेची माहिती बहुधा उरत नाही. सॅम्पल कधी आलं आणि तुम्ही कधी होकार दिला हे त्या चॅटमधल्या तारखांवरूनच सिद्ध होईल. अल्बमची पानं उचकटू नका, त्यावर काही लिहू नका, आणि नातेवाइकांना दाखवतानाचे “अल्बम आला!” असे फोटो सध्या टाकू नका.

फोटोग्राफरचा फोन येईल, आणि बहुधा तो मऊ आवाजातच येईल. बोला, पण नंतर तासाभरात “आज आपलं असं बोलणं झालं” म्हणून दोन ओळींचा ई-मेल पाठवा. फोनवर “दोन-चार फोटो करून देतो” असा प्रस्ताव आला तर लगेच नाकारू नका. ते दोन-चार फोटो म्हणजे तुमचे पाच सॅम्पल असू द्या. ते नीट जमले तर बाकीचे नाकारायला त्यांच्याकडे कारण राहत नाही. नव्या एडिटमध्ये तीळ परत आला का, पांढरं पांढरं आहे का, बटा सुट्या दिसतात का, याच तीन गोष्टी बघा. आधी न मागितलेल्या नव्या सूचना देऊ नका. सॅम्पलपलीकडे मागायला लागलात की सॅम्पलचा आधार तुम्हीच सोडलात असं होतं. टेस्ट प्रिंट मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू नका, कारण स्क्रीनवर जमलेला टोन कागदावर जमेलच असं नाही.

12 ऑगस्टपर्यंत उत्तर आलं नाही तर तीन ओळींचं स्मरणपत्र पाठवा आणि त्यात फक्त रॉ फाइल्सचाच प्रश्न पुन्हा विचारा. 20 ऑगस्टही तशीच गेली तर हाच पत्रव्यवहार, करार आणि तुलनेच्या प्रतिमा घेऊन ग्राहक तक्रारीच्या मार्गाने जा, किंवा आधी वकिलाकडून नोटीस पाठवा. सगळं तारखेनिशी असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागणार नाही.

आणि उत्तर “रॉ फाइल्स डिलीट झाल्या” असं आलं तर मागणी बदला. नवीन अल्बमचा हट्ट धरू नका, कारण जेपीईजीवरून नारिंगी छटा थोडी उतरवता येईल, त्वचा आणि सावल्या परत येणार नाहीत. अशा वेळी आधी बॅकअप आणि ज्या एडिटरकडे काम गेलं होतं त्याची डिस्क तपासायला लेखी सांगा. मूळ फाइल्सची एखादी प्रत तिथे पडलेली असणं अगदी शक्य आहे. तिथेही काही नसेल, तर एडिटिंग आणि अल्बम यांपोटीची रक्कम परत मागा, आणि फोटो काढण्याचे पैसे मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.